फोटोग्राफ आणि फोटोग्राफी: जोर नेमका कुठं द्यायचा?

लेन्सवाला_राजारामपुरी
मंडळी नमस्कार, एक अडचण हाय. माझं लग्नाच्या शूटिंगचं काम, राजारामपुरीत छोटा स्टुडिओ. परवा एका पार्टीसोबत व्हिडिओ कॉल झाला, पोरगा इथलाच पण पोरगी मँचेस्टरला वाढलेली, तिला मराठी येत न्हाई. मी आपलं पॅकेज सांगायला लागलो, फोटोग्राफी व्हिडिओग्राफी सिनेमॅटोग्राफी असं सगळं, आणि ती पोरगी 'सिनेमॅटोग्राफी' ला तीनदा सॉरी म्हणाली. शेवटी नवऱ्या मुलानं तोच शब्द म्हटला आणि तिला लगेच कळला. मी पण तोच शब्द म्हटलेला की! फरक काय तर तो कुठंतरी मधेच जोर देत होता आणि बाकीचं खाऊन टाकत होता.
नंतर यूट्यूबवर ऐकत बसलो तर डोकंच फिरलं. फोटोग्राफ म्हणताना गोरी माणसं 'फो' वर जोर देतात, फोटोग्राफी म्हणताना 'टो' वर, आणि फोटोग्राफिक म्हणताना 'ग्रा' वर. एकच शब्द आणि जोर तीन जागी फिरतोय. ह्याला काय नियम हाय का नुसतं पाठ करायचं? फोटोग्राफीच्या स्ट्रेसबद्दल कुणाला माहिती असंल तर सांगा.

मिसळ_कट_जास्त
भावा स्ट्रेस तर येणारच, लग्नसराईत रात्री २ पर्यंत एडिटिंग करणाऱ्यांचे हाल मी बघितल्यात, माझा मेव्हणा त्याच लाईनीत हाय. सकाळी उठून रंकाळ्याला एक चक्कर मारत जा आणि कामाला एक पोरगं जास्त ठेव. तब्येत पहिली.

लेन्सवाला_राजारामपुरी
अरे तो स्ट्रेस न्हाई लेका 😂 शब्दावरचा जोर.

मिसळ_कट_जास्त
असं व्हय. तरी चक्कर मारच.

पैलवान_गंगावेस
सोप्पं हाय. आम्हाला क्लासमधे शिकवलेलं, नाम असंल तर पहिल्या भागावर जोर आणि क्रियापद असंल तर दुसऱ्यावर. रेकॉर्ड म्हणजे तबकडी तेव्हा 'रे' वर, आणि रेकॉर्ड करणे तेव्हा 'कॉर्ड' वर. प्रेझेंट, ऑब्जेक्ट, सगळं तसंच चालतंय. एवढं लक्षात ठेव, काम झालं.

लेन्सवाला_राजारामपुरी
पण पैलवान, फोटोग्राफ पण नाम आणि फोटोग्राफी पण नामच की. मग एकात 'फो' आणि दुसऱ्यात 'टो' कसं?

पैलवान_गंगावेस
ते अपवाद असणार.

उजळाईवाडीची_माई
अपवाद नाही हो. पैलवानांचा नियम खोटा नाही, पण तो दोन तुकड्यांच्या शब्दांपुरता आहे, आणि तिथेसुद्धा सगळ्यांना लागत नाही. 'रिपोर्ट' नाम म्हणून वापरा नाहीतर क्रियापद म्हणून, जोर 'पोर्ट' वरच राहतो. लांब शब्द आला की नाम-क्रियापद बाजूला ठेवायचं आणि शब्दाची शेपटी बघायची. मी बरीच वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं तरी ह्या एकाच गोष्टीवर घसा कोरडा केलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या मराठीत बघा. 'कोल्हापूर' म्हणताना पू दीर्घ. आता त्याला 'त' जोडा, 'कोल्हापुरात', पु ऱ्हस्व झाला. पूल, पुलावर. जमीन, जमिनीवर. म्हणजे मागे काहीतरी जोडलं की शब्दाच्या आतला स्वर बदलतो हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे, कुणी विचार करून बोलत नाही. इंग्रजीत तेच होतं, फक्त तिथे नुसता एक स्वर बदलत नाही, अख्खा जोर उठून दुसरीकडे जाऊन बसतो, आणि जिथून उठला तिथला स्वर विझतो.

देवनागरीत कॅपिटल अक्षरं नसल्याने मी जोराच्या तुकड्याआधी ' अशी खूण करते. मग तुमचे तीन शब्द असे होतात:
'फो-ट-ग्राफ
फ-'टॉ-ग्र-फी
फो-ट-'ग्रॅ-फिक
मोठ्याने वाचून बघा. पहिल्यात 'टो' चा नुसता 'ट' झाला. दुसऱ्यात 'फो' चा 'फ' आणि 'ग्रा' चा 'ग्र'. जोर नसलेल्या जागी ओ, आ हे भरलेले स्वर बहुधा टिकत नाहीत, त्यांचा आपला साधा 'अ' होतो. इंग्रजांना हा 'अ' लिहायला वेगळं अक्षरच नाही, o, a, e कशाच्याही आड तो लपतो. आपल्याकडे तो फुकट आहे, काना-मात्रा काढून टाकली की झाला.

लेन्सवाला_राजारामपुरी
माई हे लईच भारी, काना-मात्रा काढायची हे डोक्यात बसलं. पण 'टॉ' वरच जोर का? शेपटी म्हणजे कुठली?

उजळाईवाडीची_माई
शेपटी म्हणजे 'ग्रफी'. ही ज्या शब्दाला लागते त्यात तिच्या लगेच आधीच्या तुकड्यावर जोर. जि-'ऑ-ग्रफी म्हणजे भूगोल. बाय-'ऑ-ग्रफी. तुमचं व्हि-डि-'ऑ-ग्रफी. नाचवाल्यांचं कॉ-रि-'ऑ-ग्रफी. सगळीकडे ठोका 'ग्रफी' च्या आधी, आणि तो स्वर बहुतेक वेळा उघडा 'ऑ'. अमेरिकन माणूस तिथे जवळजवळ 'आ' म्हणेल, पण ठोक्याची जागा तीच.

आता तुमचा सिनेमॅटोग्राफी. तुकडे मोजा: सि, ने, मॅ, टो, ग्रा, फी, सहा झाले. शेपटी शेवटचे दोन. त्याआधीचा तुकडा 'टो', तिथे ठोका, तो 'टॉ' झाला. मग डावीकडे मागे या, 'मॅ' विझून 'म', 'ने' विझून 'न'. अगदी सुरुवातीच्या 'सि' वर हलका ठोका राहतो, कारण शब्दाच्या सुरुवातीलाच दोन-तीन तुकडे ओळीने मेलेले इंग्रजी कानाला चालत नाहीत. सि-न-म-'टॉ-ग्र-फी. तुम्ही बहुतेक सहाच्या सहा तुकडे सारखे वाजवलेत किंवा जोर 'ग्रा' वर दिलात. ऐकणारी बाई ठोका शोधत होती, तो तिला भलत्या जागी सापडला आणि तिथे तिला माहीत असलेला शब्दच नव्हता.

लेन्सवाला_राजारामपुरी
'ग्रा' वरच देत होतो 🙏 सिनेमॅटो'ग्राफी.

शाहूपुरी_सातवी_गल्ली
माई एक शंका. शेवटी 'अर' लागला तर जोर हलत नाही असं मी वाचलंय. मॅनेज, मॅनेजर, दोन्हीत 'मॅ' वर. डि-'व्हे-लप, डि-'व्हे-ल-पर. मग फोटोग्राफर मधे पण 'फो' वर राहायला पाहिजे, कारण 'फोटोग्राफ' ला 'अर' लागलाय. पण सगळे तर फ-'टॉ-ग्र-फर म्हणतात.

उजळाईवाडीची_माई
प्रश्न चांगला काढलात, माझ्या वर्गात हा क्वचितच कुणी विचारायचं. तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. अर, इंग, नेस, लेस, फुल, मेंट ह्या शेपट्या थंड असतात, मूळ शब्दाला हात लावत नाहीत. पण 'ग्रफर' ही 'ग्रफी' ची बहीण आहे. फोटोग्राफर हा फोटोग्राफला अर लावल्यासारखा वागत नाही, फोटोग्राफी करणारा म्हणून वागतो. टेलिग्राफचंही तसंच, 'टे-लि-ग्राफ पण ट-'ले-ग्र-फर. म्हणून 'ग्रफी' आणि 'ग्रफर' एका खुंटीला टांगा आणि 'अर' चा नियम बाकीच्यांना ठेवा.

सिस्टर_पाचगाव
मी पण ह्याच दुखण्याचा पेशंट हाय. मी नर्स, दवाखान्यात काम करणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा असते ओईटी, तिची तयारी करतोय, त्यात बोलायच्या परीक्षेला दोन रोलप्ले असतात, समोरचा पेशंट किंवा नातेवाईक होतो आणि आपण नर्स. मागच्या सरावाला मी 'कार्डिओलॉजी' म्हटलं तर शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या तुझं सगळं बरोबर हाय पण एका सुरात रेल्वेची अनाउन्समेंट केल्यागत वाटतंय. आमच्याकडं तर सगळे लॉजीवालेच शब्द. त्यांना पण शेपटीचाच नियम का?

उजळाईवाडीची_माई
तोच. का-र्डि-'ऑ-ल-जी. न्यु-'रॉ-ल-जी. शेपटी 'लजी', ठोका तिच्या आधी. आणि इथे 'इस्ट' थंड आहे, का-र्डि-'ऑ-ल-जिस्ट, ठोका तिथेच. उलट 'ग्राम' लागला की तो पुढे पळतो, 'का-र्डि-ओ-ग्रॅम, जसा 'फो-ट-ग्राफ. ग्राफ आणि ग्राम ठोका सुरुवातीला ढकलतात, ग्रफी आणि लजी आपल्या दारात बोलावतात, आणि 'इक' तर थेट आपल्या मांडीला लावून बसवतो: फो-ट-'ग्रॅ-फिक, सि-न-'मॅ-टिक, इ-क-'नॉ-मिक.

हे सगळे शब्द इतके शिस्तीत वागतात कारण ते घरात जन्मलेले नाहीत, ग्रीक तुकडे जोडून विद्वानांनी बनवलेत. फोटोग्राफी हा शब्द जॉन हर्शेल ह्या शास्त्रज्ञाने १८३९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वापरला आणि तेव्हापासून रुळला, प्रकाश आणि लिहिणं ह्या अर्थाचे दोन ग्रीक तुकडे. मुलुखाबाहेरून आलेले लोक एकाच वाड्यात राहिल्यासारखे.

सिस्टर_पाचगाव
आणि थर्मामीटर? हे तर रोज तोंडात असतंय.

उजळाईवाडीची_माई
थ-'मॉ-मि-टर. मोजायचं यंत्र असेल तर ठोका 'मीटर' च्या आधी: ब-'रॉ-मि-टर, स्पि-'डॉ-मि-टर. पण लांबीचं माप असेल तर सुरुवातीला: 'सें-टि-मी-टर, 'मि-लि-मी-टर.

पैलवान_गंगावेस
मग किलोमीटर माप असून माझ्या भाच्यानं कि-'लॉ-मि-टर म्हणायला सुरुवात केलीय, त्याला झापू का?

उजळाईवाडीची_माई
झापू नका 😄 हा शब्द यंत्रांच्या ओळीत जाऊन बसलाय. दोन्ही उच्चार चालतात, डिक्शनरीत दोन्ही सापडतील, आणि इंग्लंडातले लोक स्वतःच त्यावर भांडतात. मी 'कि-ल-मी-टर म्हणते.

शाहूपुरी_सातवी_गल्ली
मी कि'लॉमिटर पार्टीत.

बिंदू_चौक_कट्टा
एक विचारू का, राग मानू नका. इंग्रज माणूस 'कोल्हापूर' नीट म्हणतो का? चप्पल आपली नेतो आणि नाव भलतंच घेतो. मग आपणच का त्याच्या ठोक्यानं बोलायचं? भारतात कोट्यवधी लोक फोटोग्राफी असंच म्हणतात, सगळ्यांना कळतंय. आपलं इंग्रजी हे आपलं इंग्रजी.

लेन्सवाला_राजारामपुरी
भावा ते बरोबर हाय, पण गिऱ्हाईक तिकडचं हाय आणि पैसे पण.

उजळाईवाडीची_माई
बिंदू चौक, तुमच्याशी माझं अर्धं जमतं. आपापसात बोलताना फोटोग्राफी असंच म्हणावं, मीही म्हणते, स्टुडिओत जाऊन फ'टॉग्रफी म्हटलं तर पोरं हसतील. पण ऐकणारा ठोक्यावरून शब्द ओळखणारा असेल तर त्याला ठोका चुकलेला शब्द खरोखर उशिरा कळतो, त्यात तो आपल्याला कमी लेखत असतोच असं नाही. नर्सताईंच्या पेशंटला तर घाबरलेल्या अवस्थेत ऐकायचंय.

बिंदू_चौक_कट्टा
पेशंटचं मान्य. बाकीचं बघू.

लेन्सवाला_राजारामपुरी
चार दिवस डिक्शनरी उघडून बसलो माई, पण उलटंच झालं. माझ्याकडं वडलांच्या काळची जुनी अमेरिकन डिक्शनरी हाय आणि मोबाईलवर नवीन साईट. मोबाईलवर असं दिसतंय: /fəˈtɒɡrəfi/. मी समजलो खूण ज्या तुकड्यानंतर येते त्यावर जोर, कारण जुन्या पुस्तकात तसंच लिहिलंय, टॉग लिहून मग खूण. त्यामुळं दोन दिवस 'फ' वर जोर देऊन पाठ केलं. बायको म्हणाली हे काय फफफ लावलंय.

उजळाईवाडीची_माई
अहो ही चूक माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी करायचंच. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. बऱ्याच जुन्या अमेरिकन डिक्शनऱ्यांत खूण ठोक्याच्या तुकड्याच्या नंतर येते. आजच्या ऑक्सफर्ड, केंब्रिजच्या साईटवर ती ठोक्याच्या आधी येते, वरच्या बाजूला. खालच्या बाजूला खूण असेल तर तो हलका ठोका. शंका आली तर तुम्हाला पक्का माहीत असलेला एखादा शब्द त्याच डिक्शनरीत उघडा, उदाहरणार्थ हॉटेल, त्यात ठोका 'टेल' वर आहे, हो-'टेल. खूण कुठल्या बाजूला पडते ते बघा आणि मग पुढे जा. आणि तो उलटा e दिसतोय ना, तोच आपला काना-मात्रा काढलेला 'अ'.

सिस्टर_पाचगाव
हॉटेल पण 'टेल' वर?? मी तर 'हॉ' वर देत आलोय इतकी वर्षं.

मिसळ_कट_जास्त
मिसळ मिळणाऱ्याला 'हॉ' वर, पंचतारांकितला 'टेल' वर.

लेन्सवाला_राजारामपुरी
😂😂 माई, आता रोज सराव कसा करायचा ते सांगा, कामाच्या धावपळीत १० मिनिटं मिळतात.

उजळाईवाडीची_माई
१० पुरेत. शब्द सुटा पाठ करू नका, कुटुंब घ्या. एका दिवशी एकच कुटुंब: फोटोग्राफ, फोटोग्राफी, फोटोग्राफर, फोटोग्राफिक. आधी शब्द न बोलता नुसता ठेका म्हणा, हलगीसारखा. फोटोग्राफ म्हणजे डांग-टि-टि. फोटोग्राफी म्हणजे टि-डांग-टि-टि. फोटोग्राफिक म्हणजे ट-टि-डांग-टि. ठेका हाताला बसला की त्यावर शब्द चढवा.

एक चूक टाळा, डांग म्हणजे ओरडणं नव्हे. आपली मंडळी जोर म्हटलं की आवाज चढवतात. ठोक्याचा तुकडा लांब धरा, सूर जरा वर न्या आणि स्वर स्वच्छ उघडा. बाकीचे तुकडे पटकन सोडा. रबरबँड हातात धरून ठोक्याला ताणा, बाकी वेळ ढिलं सोडा, हा प्रकार पोरांना आवडायचा.

मग मोबाईलवर स्वतःला रेकॉर्ड करा आणि डिक्शनरीतल्या आवाजाशेजारी वाजवून ऐका. ऐकताना ठोका शोधू नका, विझलेले तुकडे शोधा. तुमच्या रेकॉर्डिंगमधे 'फो' चा ओ आणि 'ग्रा' चा आ अजून स्पष्ट ऐकू येत असतील तर काम अर्धंच झालंय.

लेन्सवाला_राजारामपुरी
आठवड्यानं आलो. माई, रेकॉर्ड केलं आणि तुम्ही म्हटला तसंच निघालं, मी 'फो-'टॉ-ग्रा-फी' म्हणत होतो, ठोका बरोबर पण ओ आणि आ तसेच. मग गाडीवर जाताना टि-डांग-टि-टि करत होतो, दसरा चौकात सिग्नलला शेजारचा बघतच राहिला. आता बऱ्यापैकी जमतंय.
पण एक घोळ झाला. इ-'कॉ-न-मी बसल्यावर मी 'सेरेमनी' पण तसंच धरलं, स-'रे-म-नी. काल त्या पोरीसोबत परत कॉल होता, तिथं तीनदा म्हटलं. ती काही बोलली न्हाई पण तिनं म्हटलं तेव्हा जोर 'से' वर होता.

उजळाईवाडीची_माई
'से-रि-म-नी, बरोबर ऐकलंत. इकॉनॉमीची शेपटी 'नमी', सेरेमनीची 'मनी'. कानाला सारख्या, घराणी वेगळी. तुमच्या कामातला दुसरा शब्द 'मॅ-ट्रि-म-नी तिच्याच घरातला. नियमाची शेपटी अक्षर न अक्षर जुळली पाहिजे, नुसती चाल जुळून भागत नाही. 'इक' वाल्यांतही फितूर आहेत, 'पॉ-लि-टिक्स, 'लू-न-टिक, 'ॲ-र-बिक, आणि गणितातलं अ-'रि-थ्म-टिक. ते मोजके आहेत, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

पैलवान_गंगावेस
पॉलिटिक्स फितूर निघालं ह्यात नवल न्हाई.

सिस्टर_पाचगाव
माई शेवटचं, लॅबोरेटरी. एका व्हिडिओत ल-'बॉ-र-ट्री म्हणतात, दुसऱ्यात 'लॅ-ब्र-टो-री. परीक्षेत कुठलं?

उजळाईवाडीची_माई
पहिलं इंग्लंडचं, दुसरं अमेरिकेचं. ओईटीत परीक्षक बघतात ते तुमचं बोलणं सहज कळतंय का, तेव्हा कुठलंही एक धरा. एका रोलप्लेमधे दोन्ही मिसळू नका एवढंच. ॲडव्हर्टाइजमेंटचं पण असंच भांडण आहे, अ-'ड्व्हर्-टिस-मेंट आणि ॲड्-व्हर-'टाइज-मेंट, ते लेन्सवाल्यांना लागेल.

लेन्सवाला_राजारामपुरी
ते बोर्डवर नुसतं 'ॲड' लिहितो आम्ही. पार्टीनं बुकिंग कन्फर्म केलंय, डिसेंबरला. पण किलोमीटरचं अजून ठरलं न्हाई, गाडीभाडं सांगताना काय म्हणू?

शाहूपुरी_सातवी_गल्ली
कि'लॉमिटर.

पैलवान_गंगावेस
'किलोमीटर. आणि भाडं जास्तच सांग.